फीची पावती आणि मंजुरीची वही

शाळेच्या फीवरून पालकांचे भांडण बहुधा एप्रिल किंवा जून महिन्यात, फी भरण्याच्या खिडकीपाशी होते. कायद्याच्या दृष्टीने ती वेळ उशिराची असते. ज्या रकमेवरून आवाज चढतो, तिचा निर्णय कायद्याप्रमाणे किमान पाच महिने आधी झालेला असावा लागतो. तो कोणी घ्यायचा, कोणत्या कागदावर घ्यायचा आणि कुठे लावायचा हेही ठरलेले आहे. खिडकीत बसलेल्या लिपिकाच्या हाती त्यातले काहीच नसते. म्हणून ज्याला वाढीव फीविषयी विचारायचे आहे, त्याने "इतकी फी का?" असे विचारण्याआधी "ही फी कोणी, कधी मंजूर केली?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला महागाईचे उत्तर मिळते. दुसऱ्याला कागद दाखवावा लागतो.

तो कागद ज्या कायद्याने निर्माण झाला, त्याचे नाव महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. तो १ डिसेंबर २०१४ पासून अमलात आला, त्याचे नियम २०१६ मध्ये झाले आणि २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. शाळा राज्य मंडळाची असो वा केंद्रीय मंडळाची, खासगी शाळेची फी व्यवस्थापनाने एकट्याने ठरवायची नाही, हे त्याचे सूत्र. व्यवस्थापनाने प्रस्ताव मांडायचा आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने तो तपासून मंजूर करायचा. मंजूर रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घेण्यास मनाई आहे.

ही समिती कशी होते, यात सारे मर्म आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघ स्थापायचा असतो. प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक आणि प्रत्येक शिक्षक त्याचे सदस्य असतात; त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. कार्यकारी समितीत येऊ इच्छिणाऱ्या पालकांची नावे मागवून त्यांतून सोडत काढायची असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, आणि प्रत्येक इयत्तेतून पालक व शिक्षकांचे प्रतिनिधी, अशी साधारण रचना आहे. महिला आणि मागास घटकांचे प्रतिनिधित्वही सांगितलेले आहे. निवडलेल्यांची यादी सूचना फलकावर लावायची आणि तिची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायची. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते.

त्यानंतर फीचा प्रश्न येतो. पुढील वर्षाच्या फीचा प्रस्ताव संबंधित हिशेबासह, ते वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान सहा महिने, व्यवस्थापनाने समितीपुढे ठेवायचा असतो. समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. प्रस्तावावर केवळ शिक्का मारणे एवढेच तिचे काम नाही. रक्कम नव्याने ठरवण्याचा अधिकार तिला आहे. शाळेचे ठिकाण, प्रत्यक्ष सोयी, शिक्षकांची पात्रता व वेतन, प्रशासन व देखभालीचा खर्च, आणि शाळेच्या विकासासाठी वाजवी शिल्लक या बाबी तिने पाहायच्या. कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम घ्यायची हेही तिने सांगायचे. मंजूर फी सूचना फलकावर लावली जाते आणि ती दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील असते. याचा अर्थ, दरवर्षी नवा आकडा सांगणाऱ्या शाळेला "मधल्या वर्षाची मंजुरी कुठे आहे?" असे कोणताही पालक विचारू शकतो.

जूनमध्ये सुरू होणाऱ्या शाळेचे पंचांग यावरून मांडता येते. जुलैच्या मध्यापर्यंत संघ आणि सोडत, डिसेंबरच्या मध्यापर्यंत फीचा प्रस्ताव, जानेवारीच्या मध्यापर्यंत निर्णय. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या शाळेत हेच अनुक्रमे एप्रिलअखेर, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरअखेर येते. पावसाळ्यात सोडतीची चिठ्ठी टाकायला जो पालक गेला नाही, त्याला उन्हाळ्यात पावतीवर बोलायला जागा कमी उरते. कल्याणच्या पुढच्या या तिन्ही गावांत बहुतेक व्यापारी पालकांची अडचण इथेच असते. जुलैची सभा कामाच्या दिवशी दुपारी असते, आणि दुकान सोडून कोण जाणार? घरातल्या स्त्रिया गेल्या तर त्यांना सभेत स्वागताचे भाषण आणि स्नेहसंमेलनाची तारीख ऐकायला मिळते. सोडत झाली की नाही, हे त्या धामधुमीत कोणी विचारत नाही.

आता एक उदाहरण पाहू. त्यातील घर, शाळा आणि आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत, पण पावत्यांची तऱ्हा ओळखीची वाटेल. बदलापूर पूर्वेला राहणारे एक कुटुंब. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कापडाचे दुकान. नात अंबरनाथच्या एका खासगी शाळेत पाचवीत. दोन वर्षांपूर्वी या घराने शिक्षण शुल्क ४२,००० रुपये, सत्र शुल्क ३,००० आणि उपक्रम शुल्क २,५०० असे एकूण ४७,५०० रुपये भरले. यंदा शाळेच्या पत्रकात "शिक्षण शुल्कात सुमारे १७ टक्के वाढ" एवढेच लिहून आले. दुकान वाढवल्यावर संध्याकाळी आजोबांनी नेहमीच्या सवयीने कागद पुढे ओढले आणि पावत्या एकेक करून लावल्या. शिक्षण शुल्क ४९,०००, सत्र शुल्क ४,०००, उपक्रम शुल्क ५,०००, 'स्मार्ट क्लास' ४,५०० आणि 'विकास निधी' ५,०००. बेरीज ६७,५००. वाढ २०,००० रुपयांची, म्हणजे ४२ टक्के. पत्रकातले १७ टक्के खोटे नव्हते. ते फक्त पहिल्या ओळीचे होते.

सून म्हणाली, "पप्पाजी, एवढ्यासाठी शाळेशी वाकडे घेऊ नका. आपण बोलणार आणि वर्गात त्रास होणार तो पोरीला."

आजोबा म्हणाले, "वाकडे कोण घेतंय? व्यापारी माल घेतो तेव्हा बिल मागतो. बिल मागणे म्हणजे भांडण नव्हे."

सुनेची भीती पोकळ नाही, आणि तिचा विचार पुढे करायलाच हवा. पण आधी आजोबांनी पावत्यांवर केलेले काम पाहण्यासारखे आहे. त्यांनी एका कागदावर तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात ज्यांची छापील, शाळेच्या नावाची आणि शीर्ष असलेली पावती होती त्या रकमा: शिक्षण, सत्र आणि उपक्रम शुल्क. दुसऱ्या रकान्यात ज्या सोयी घ्यायच्या की नाही हे पालकावर असायला हवे अशा रकमा. येथे 'स्मार्ट क्लास' आला, कारण ती सोय न घेण्याचा पर्याय कोणी दिलाच नव्हता. तिसऱ्या रकान्यात 'विकास निधी', कारण त्याची पावती शाळेच्या नावाची नव्हती. ती दुसऱ्याच एका न्यासाच्या नावाची होती आणि तिच्यावर 'ऐच्छिक देणगी' असे छापलेले होते. ऐच्छिक देणगी आणि प्रवेशाची खिडकी एकाच दिवशी एकाच टेबलावर भेटली, तर तिला ऐच्छिक म्हणणे अवघड आहे.

या तिसऱ्या रकान्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर १९८७ पासूनच बंदी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या तेराव्या कलमानेही शाळेने जाहीर केलेल्या फीव्यतिरिक्त कोणतीही देणगी वा वर्गणी प्रवेशासाठी घेण्यास मनाई केली असून, घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड सांगितला आहे. हा केंद्रीय कायदा अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. जैन समाजाला त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आहे, त्यामुळे समाजाच्या संस्थांतील पालकांनी आणि विश्वस्तांनी हा फरक ध्यानात ठेवावा. मात्र केंद्रीय कायद्याची ही सूट म्हणजे राज्याच्या फी कायद्यातून सुटका नव्हे. दोन्ही कायदे वेगळे आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

उदाहरणातील घराने पुढे काय केले? पहिली गोष्ट म्हणजे फी थांबवली नाही. थकबाकीदार पालकाच्या तक्रारीचे वजन आपोआप कमी होते आणि मूल मधे सापडते. त्यांनी ज्या रकमेविषयी वाद नव्हता ती धनादेशाने भरली आणि सोबत दोन ओळींचे पत्र जोडले: उरलेली रक्कम मंजुरीचा कागद पाहिल्यावर लगेच भरू, जी भरत आहोत तीही आमचा हक्क राखून भरत आहोत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा आवक शिक्का घेतला. शिक्का द्यायला नकार मिळाला असता, तर तेच पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवता आले असते.

दुसरे पत्र मुख्याध्यापकांना होते आणि त्यात फक्त चार कागद मागितले होते. यंदाच्या व मागील वर्षाच्या कार्यकारी समितीच्या सदस्यांची यादी व सोडतीची सूचना. फीचा प्रस्ताव समितीला मिळाल्याची तारीख. ज्या बैठकीत फी मंजूर झाली तिचे इतिवृत्त. आणि शीर्षनिहाय मंजुरीचे पत्र. यातील सदस्यांची यादी आणि मंजूर फी या दोन गोष्टी फलकावर लावणे शाळेवर बंधनकारकच आहे, त्यामुळे त्या दाखवायला नकार देण्याचे कारण उरत नाही. इतिवृत्ताबाबत मात्र मर्यादा समजून घ्यावी. शाळेची संपूर्ण जमाखर्चाची वही स्वतः उघडून पाहण्याचा अधिकार या कायद्याने प्रत्येक पालकाला वैयक्तिकरीत्या दिलेला नाही. तो हिशेब प्रस्तावासोबत समितीपुढे येतो आणि तपासण्याचा अधिकार समितीच्या सदस्यांना आहे. सोडतीत नाव टाकण्याचे मोल इथे कळते.

शाळेकडून उत्तर आले नाही, तर दोन बाजूंनी कागद मिळवता येतो. पहिली बाजू माहितीच्या अधिकाराची. विनाअनुदानित खासगी शाळा थेट या कायद्याखाली येत नाही, असे सांगून अनेक अर्ज परत येतात, आणि ते बहुधा बरोबरही असते. पण अर्ज शाळेकडे करायचाच नसतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील माहितीच्या व्याख्येत, सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या एखाद्या कायद्याने जी माहिती खासगी संस्थेकडून मिळवता येते, तिचाही समावेश आहे. म्हणून अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे करावा. अंबरनाथ व बदलापूर ही दोन्ही गावे अंबरनाथ तालुक्यात येतात. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला ठाणे जिल्हा परिषदेचे प्राथमिक व माध्यमिक असे दोन शिक्षणाधिकारी आहेत. उल्हासनगर महानगरपालिका असल्याने तेथील प्राथमिक वर्गांसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाकडेही विचारावे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते, rtionline.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसवावा. उत्तराची मुदत तीस दिवस. न आल्यास तीस दिवसांत पहिले अपील.

उदाहरणातील घराने मागितले ते इतकेच: अमुक शाळेने अमुक वर्षासाठी कार्यालयास सादर केलेली कार्यकारी समितीची यादी आणि मंजूर फीचे पत्र, यांच्या प्रती. येथे अनेकांची निराशा होते. कार्यालयातून "अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" असे उत्तर येते आणि पालक तो कागद फेकून देतात. तो जपून ठेवायचा असतो. समितीची प्रत कार्यालयाला पाठवणे बंधनकारक असताना ती पाठवलीच नाही, असा त्या उत्तराचा अर्थ होतो, आणि तो सरकारी शिक्क्यानिशी मिळालेला असतो.

दुसरी बाजू न्यासाच्या हिशेबाची. बहुतेक शाळा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाच्या असतात. न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करायचे असतात. या गावांसाठी ते कार्यालय ठाण्यात आहे. आठव्या परिशिष्टात ताळेबंद आणि नवव्या परिशिष्टात उत्पन्न-खर्चाचा तक्ता असतो. न्यासाचा नोंदणी क्रमांक पावतीवर किंवा पत्राच्या मथळ्यावर छापलेला असतो. तो देऊन प्रतींसाठी अर्ज करता येतो. संस्था कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील असेल, तर तिचे हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठरावीक शुल्क भरून पाहता येतात.

वही वाचणाऱ्या घरांना त्या तक्त्यात काय शोधायचे, हे फार शिकवावे लागणार नाही. वेतनाचा खर्च फीच्या वाढीच्या प्रमाणात वाढला का, हे पहिले पाहावे, कारण वेतनवाढ हे फीवाढीचे सर्वांत रास्त कारण आहे. दुसरे, इमारतीचे भाडे. शाळा ज्या इमारतीत आहे ती विश्वस्तांच्याच कुटुंबाच्या किंवा भागीदारी संस्थेच्या मालकीची असेल, तर फीवाढ भाड्याच्या ओळीतून दुसऱ्या खिशात जाऊ शकते. तिसरे, देणग्या. फीसोबत घेतलेला 'विकास निधी' शाळेच्या जमेला दिसत नसेल, तर तो ज्या न्यासाच्या पावतीवर घेतला त्याच्या नवव्या परिशिष्टात शोधावा. चौथे, वर्षअखेरची शिल्लक. शिल्लक असणे हा गुन्हा नाही. टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांना विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवण्याची मुभा दिली. नफेखोरी आणि कॅपिटेशन फी मात्र नाकारली. राज्याला फीवर असे नियमन घालता येते, हे २०२१ च्या मे महिन्यात राजस्थानच्या फी कायद्याविषयीच्या निकालात त्याच न्यायालयाने मान्य केले.

उदाहरणात अखेर मंजुरीचे पत्र हाती आले. त्यात शिक्षण शुल्क ४६,०००, सत्र शुल्क ३,५०० आणि उपक्रम शुल्क ३,००० असे ५२,५०० रुपये मंजूर होते. 'स्मार्ट क्लास' आणि 'विकास निधी' ही शीर्षेच त्यात नव्हती. म्हणजे मंजूर वाढ साडेदहा टक्क्यांची होती, आणि एका मुलीमागे १५,००० रुपये मंजुरीबाहेर मागितले जात होते. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत असा हिशेब दीड कोटींवर जातो. आता घराचा प्रश्न "फी जास्त आहे" असा राहिला नाही. "मंजूर रकमेपेक्षा जास्त मागणी होत आहे" असा झाला, आणि हा प्रश्न कायद्याच्या थेट मनाईखाली येतो. जादा घेतलेली रक्कम परत करण्याची आणि पहिल्या उल्लंघनाला एक ते पाच लाख रुपयांच्या दंडाची किंवा जादा रकमेच्या दुप्पट, यांपैकी मोठ्या रकमेची तरतूद कायद्यात आहे.

मंजुरीचे पत्र असेच सरळ असते असे नाही. काही वेळा ते निर्दोष दिसते आणि आतून पोकळ असते. सोडतीची सूचना कधी लागली हे कोणाला ठाऊक नसते आणि समितीत वर्षानुवर्षे तीच चार नावे फिरत राहतात. इतिवृत्तात फीचा विषय 'ऐनवेळचे विषय' या ओळीत आलेला असतो. सह्यांचा कागद वेगळा, त्याच्या वरच्या बाजूला विषयच लिहिलेला नाही. काही इयत्तांचे पालक प्रतिनिधी यादीतच नसतात. किंवा मंजुरीची तारीख प्रस्तावाच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशीची असते. एवढ्या मोठ्या शाळेचा हिशेब समितीने एका रात्रीत तपासला, यावर कोणाचा विश्वास बसेल? अशा खुणा आढळल्या की समितीतील पालकांना भेटावे. "तुमच्यापुढे हिशेब ठेवला होता का?" या प्रश्नाला एका सदस्याने लेखी "नाही" म्हटले, तरी ते दहा तक्रारींहून भारी असते.

पंधरा टक्क्यांविषयीचा एक गैरसमज या भागात सर्रास ऐकू येतो. शाळेला दर दोन वर्षांनी पंधरा टक्के वाढ आपोआप करता येते, असे पालकच एकमेकांना सांगतात. कायद्यात पंधरा टक्क्यांचा उल्लेख आहे, पण तो समितीने ठरवलेली फी आणि व्यवस्थापनाने मागितलेली फी यांच्यातील फरकाविषयी, म्हणजे हा वाद वरच्या समितीकडे कधी जातो याविषयी आहे. समितीची मंजुरी पाच टक्क्यांनाही लागते.

वरची समिती म्हणजे विभागीय शुल्क नियामक समिती. तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. ठाणे जिल्हा शिक्षण खात्याच्या मुंबई विभागात येत असल्याने या गावांचा पत्रव्यवहार चर्नी रोडच्या जवाहर बालभवनातील विभागीय शिक्षण उपसंचालक कार्यालयाशी होतो. समितीने मंजूर केलेल्या फीविरुद्ध तेथे जायचे असेल, तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. एकट्या पालकाला हे दार जवळजवळ बंदच आहे, आणि या तरतुदीवर पालक संघटनांनी सातत्याने टीका केली आहे. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत ढोबळ मानाने अडीचशे सह्या लागतील. येथे एक भेद महत्त्वाचा ठरतो. मंजूर फीच अवाजवी आहे असे म्हणायचे असेल, तर पंचवीस टक्के पालक हवेत. मंजूर फीपेक्षा जास्त घेतले जात आहे, मंजुरीच झालेली नाही किंवा समितीच नियमाने बनलेली नाही, असे म्हणायचे असेल, तर ते कायद्याच्या उल्लंघनाचे गाऱ्हाणे आहे आणि त्यासाठी एका पालकानेही कागदांसह शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. उदाहरणातील घराचे गाऱ्हाणे या दुसऱ्या प्रकारचे होते. दोन्ही प्रकार एकाच अर्जात मिसळले, की अर्ज "सह्या अपुऱ्या" म्हणून बाजूला पडण्याचा धोका असतो.

पुस्तके आणि गणवेशाचा प्रश्न याहून वेगळा, पण त्याच घरात येणारा. ठरावीक दुकानातूनच वह्या, पुस्तके, गणवेश, बूट घेण्याची सक्ती शाळांनी करू नये, असा शासनाचा आदेश २००४ पासून आहे. शाळेने गणवेशाचा रंग व नमुना ठरवावा, पुस्तकांची यादी द्यावी; दुकान ठरवू नये. सक्ती तोंडी होते म्हणून ती सिद्ध करणे कठीण जाते. अशा वेळी पालकाने एकच प्रश्न लेखी विचारावा: "हा गणवेश आम्ही अन्य दुकानातून घेतल्यास शाळेची हरकत आहे काय?" हरकत आहे असे लेखी उत्तर शाळा सहसा देत नाही, आणि हरकत नाही म्हटले की सक्ती संपते. गजानन मार्केटच्या आसपास कापडाच्या व्यवसायात असलेल्या कुटुंबांना त्या गणवेशाचा खरा भाव वेगळा सांगायला नको.

आता सुनेच्या भीतीकडे येऊ. फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, सर्वांसमोर नाव वाचणे, निकाल अडवणे, हे प्रकार कानावर येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे, आणि सोळाव्या कलमाने आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईतो मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. हा कायदा ज्या शाळांना लागू आहे, तेथे फीचा वाद पालक आणि व्यवस्थापन यांच्यातच राहायला हवा. व्यवहारात भीती कमी होते ती दोन गोष्टींनी. एक, पत्र एका घराचे न जाता एका वर्गाच्या दहा-पंधरा घरांचे जावे. नावे अनेक असली की एका मुलीकडे बोट दाखवता येत नाही. दुसरी, भाषा. पत्रात आरोप नसावेत, कागदाची मागणी असावी. उदाहरणातील आजोबांनी पत्राचा मसुदा तीनदा लिहून त्यातला "लूट" हा शब्द काढून टाकला. तो शब्द ठेवला असता, तर शाळेला उत्तर देण्याऐवजी रागावता आले असते.

शाळेची बाजूही पाहिली पाहिजे. चांगला शिक्षक टिकवायचा तर वेतन वाढवावे लागते, आणि शिक्षण हक्काखाली दिलेल्या पंचवीस टक्के जागांच्या प्रतिपूर्तीसाठी संस्थांना अनेकदा शासनाकडे वाट पाहावी लागते. अंबरनाथ-बदलापूर भागात नवी संकुले उठली तशा शाळाही वेगाने वाढल्या, आणि जागेचे भाव सर्वांना ठाऊक आहेत. अशा शाळेचे व्यवस्थापन हिशेब समितीपुढे मोकळेपणाने ठेवते, तेव्हा पालक दहा-बारा टक्के वाढ सहसा मान्य करतात. वादाचे मूळ वाढीत कमी आणि दडवण्यात जास्त असते.

हे वाचणाऱ्या घरांतील काही ज्येष्ठ स्वतः शिक्षण संस्थांचे विश्वस्त आहेत. त्यांच्यासाठी या साऱ्याचा अर्थ सोपा आहे. जुलैमध्ये सोडत सुटीच्या दिवशी, सर्वांसमोर काढावी. प्रस्तावासोबत उत्पन्न-खर्चाचा तक्ता प्रत्येक सदस्याच्या हाती द्यावा. मंजूर फी शीर्षनिहाय फलकावर लावावी आणि तिच्याबाहेर एकही पावती फाडू नये. पालकांसाठी तर काम आणखी थोडे आहे. पुढच्या जुलैत शाळेचे पत्रक आले की घरातल्या एकाने त्या दिवशी गल्ल्यावर दुसऱ्याला बसवून सोडतीच्या डब्यात आपल्या नावाची चिठ्ठी टाकून यावी, आणि येताना फलकाचा एक फोटो काढून ठेवावा. डिसेंबरात हिशेब पाहायला मिळेल की नाही, हे त्या चिठ्ठीवर अवलंबून आहे.